ट्यूबलेसचं पंक्चर रस्त्यातच काढायचं झालं तर

शिनोळीहून बेळगावकडे येताना बाची मागे पडली आणि मोटरसायकलचं मागचं चाक जरा तरंगल्यासारखं वाटू लागलं. जानेवारीची संध्याकाळ होती. समोरून उसाच्या ट्रॉल्या येत होत्या, रस्त्यावर पाचट पसरलेलं होतं. ट्यूबचा टायर असता तर एव्हाना गाडी आडवीतिडवी झाली असती. ट्यूबलेसचं तसं होत नाही. तो हळूहळू बसतो, आणि पहिली खूण हातापेक्षा कमरेला कळते. वळणावर गाडीचं बूड आपल्यामागून येण्याऐवजी बाजूला सरकायला बघतं. हे जाणवलं की ब्रेक न दाबता अॅक्सिलरेटर सोडायचा आणि कडेला यायचं. ‘पुढच्या फाट्यावर बघू’ म्हणायचं नाही. त्या एका वाक्याची किंमत मी एकदा मोजलेली आहे, ती पुढे सांगतो.

आधी ट्यूबलेस हळू का बसतो ते बघू, कारण बाकी सगळं त्यावरच अवलंबून आहे. ट्यूबच्या गाडीत हवा धरते ती आतली पातळ ट्यूब. खिळा तिला फाडतो आणि हवा टायर आणि ट्यूबच्या मधून, आऱ्यांच्या भोकांतून, व्हॉल्व्हच्या भोकातून वाट मिळेल तिकडून निघून जाते. ट्यूबलेसमध्ये टायरच्या आतल्या अंगाला हवा न झिरपणाऱ्या खास रबराचा एक थर असतो आणि टायरची कडा, जिला बीड म्हणतात, ती रिमला घट्ट चिकटून बसते. हवेला बाहेर जायला फक्त खिळ्याचं भोक मिळतं, आणि त्या भोकात तर खिळाच अडकलेला असतो. म्हणजे चोरच दाराला टेकून उभा. म्हणून पहिला नियम असा की खिळा दिसला तरी लगेच उपटायचा नाही.

माझ्या टायरात सापडला तो बैलाच्या खुराला ठोकतात त्या पत्रीचा खिळा होता. ऊस सुरू असताना आमच्या भागातल्या रस्त्यांवर हा नेहमीचा पाहुणा. उद्यमबागेच्या कारखान्यांकडून येणाऱ्यांना लेथवरच्या टर्निंगचा कुरळा चुरा भेटतो, तो वेगळा त्रास. खिळ्याचं डोकं रुंद आणि झिजलेलं होतं, रबरात गप्प बसलेलं. बोटाला थुंकी लावून त्यावर टेकवली तर बारीक बुडबुडे आले. खात्री झाली. खिळा दिसत नसेल तर चाक थोडंथोडं पुढे ढकलत बाटलीतलं पाणी ओतायचं आणि कान लावायचा. टायरभर काही सापडलं नाही तर व्हॉल्व्हच्या तोंडावर आणि बुडाशी पाणी टाकून बघायचं. जुन्या गाडीच्या रबरी व्हॉल्व्हला बुडाशी चिरा पडतात, तो वाकवला की हवा सुटते. त्यावर रस्त्यात इलाज नाही, हवा भरून जवळचं दुकान गाठायचं एवढंच.

आता हिशोब. त्या वेळी गेजवर मागच्या चाकात 18 होते. माझ्या गाडीला एकट्यासाठी 29 पीएसआय लागते, तुमच्या गाडीचा आकडा चेनच्या कव्हरवर किंवा सीटखालच्या स्टिकरवर बघा. सुळग्याला दुकान होतं, पण अंधार पडत होता आणि पत्रीचा खिळा आखूड असल्याने हलून कधीही गळून पडला असता. दिवसाउजेडी, दुकान पाचेक किलोमीटरवर आणि खिळा घट्ट असेल तर मी हवा भरून तिशीच्या वेगाने दुकानापर्यंत जातो, रस्त्यावर मांडामांड करत नाही. पंक्चरचं दुकान शोधायला आपल्याकडे पाटी वाचावी लागत नाही हे एक बरं आहे. झाडाला किंवा खांबाला टांगलेला जुना टायर कन्नड आणि मराठी दोन्हीत एकच सांगतो.

काम सुरू करण्याआधी एक तपासणी मात्र करायचीच. टायरवर ट्यूबलेस लिहिलेलं असतं, पण आत कुणी तरी कधी तरी ट्यूब घातलेली असू शकते. जुनी गाडी घेतलेल्यांनी हे हमखास बघावं. व्हॉल्व्ह रिममधून बाहेर येतो तिथे चपटा नट असेल आणि व्हॉल्व्ह धातूचा लांब दांडा असेल तर आत ट्यूब असण्याची शक्यता दाट आहे. अशा टायरात भोक खरवडायचा रिमर घालणं म्हणजे एका भोकाची चाळण करणं. तसंच आऱ्यांच्या चाकाला बहुतेक गाड्यांत ट्यूबच असते, त्यांना हा लेख उपयोगाचा नाही, त्यांनी टायर उचकटायचे लिव्हर आणि जादा ट्यूब बाळगावी.

भोक कुठे आहे हेही बघायचं. मधल्या नक्षीत, जिथे टायर रस्त्याला टेकतो, तिथलं पंक्चर काढता येतं. बाजूच्या भिंतीवर नाही. ती भिंत चाक फिरताना प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते, तिथे भोक बुजवायला घातलेली स्ट्रिप हलून हलून बाहेर येते. नक्षी संपून भिंत सुरू होते त्या खांद्याचंही तेच. आणि भोक साधारण 6 मिलिमीटरपर्यंतच, म्हणजे पेन्सिलीपेक्षा थोडं बारीक. काच किंवा पत्र्याने पडलेली लांब चीर असेल तर स्ट्रिप तिच्यात तग धरत नाही. लोक एका भोकात दोन-दोन स्ट्रिप कोंबतात. मीही कोंबल्या आहेत. त्या कासवाच्या चालीने गाव गाठण्यापुरत्या, त्यावर चोर्ला घाट उतरायचा नाही.

गाडी रस्त्यापासून चांगली आत घेतली. उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असं नाही, आणि आपण तिथे रस्त्याकडे पाठ करून बसलेलो असतो. मेन स्टँडवर लावून चाक फिरवलं, खिळा हाताशी येईल असा ठेवला. मागच्या चाकाशेजारी सायलेन्सर असतो आणि तो तेव्हा तापलेला असतो, हे मनगट पोळल्यावर आठवतं.

मग खिळा काढण्याआधीच पंप लावून हवा 25 पर्यंत नेली. हे बरेच जण करत नाहीत आणि मग घाम गाळतात. टायर बसलेला असेल तर स्ट्रिप आत ढकलायची सुई टोचताना तो आत दबतो, जोर सगळा वाया जातो. टायर कडक असेल तर रबर सुईला सामोरं जातं. तेवढ्या वेळात सोल्युशनची ट्यूब उघडून, सुईत स्ट्रिप ओवून, सगळं उजव्या हाताला मांडून ठेवायचं. ही स्ट्रिप म्हणजे चिकट रबर पाजलेली, बोटभर-दीड बोटभर लांब जाड वात. ती सुईच्या डोळ्यात अर्धी इकडे, अर्धी तिकडे अशी बरोबर मधोमध यायला हवी. नवी असली तर ओवताना बोटांना चिकटते, डोळ्यातून जायला कुरकुर करते, पक्कडीच्या टोकाने ओढून घ्यावी लागते.

आता पक्कडीने खिळा ओढायचा. ओढताना तो कुठल्या कोनात निघतोय ते डोळ्यांत साठवायचं, कारण भोक सरळच असतं असं नाही. माझा खिळा तिरका, चाकाच्या पुढच्या बाजूला कललेला होता. फुस्स आवाज सुरू झाला की घाई वाटते, पण हवा सगळी जायला चांगला वेळ लागतो. रिमर, म्हणजे टी आकाराच्या मुठीचं कानशीसारखं खरबरीत टोक, त्याच तिरक्या कोनात आत घालायचं आणि दहा-पंधरा वेळा पिळत आतबाहेर करायचं. भोक मोठं करायला नव्हे, त्याची भिंत खरवडायला. गुळगुळीत रबराला स्ट्रिप चिकटत नाही. सरळ जाणारा रिमर तिरक्या भोकात घातला तर जुन्या भोकाशेजारी दुसरं भोक पडतं, स्ट्रिप त्या दुसऱ्यात बसते आणि पहिलं तसंच फुसफुसत राहतं. ‘स्ट्रिप घातली तरी हवा जाते’ ही तक्रार मी ऐकली त्यातल्या बऱ्याच वेळा गोष्ट अशीच निघाली.

स्ट्रिपला सोल्युशन चोपडलं. चिकटण्याइतकंच ते घसरायलाही कामाला येतं. सुई भोकावर टेकवली, मुठीवर दोन्ही तळवे ठेवले आणि अंगाचा भार टाकला. पहिला अर्धा इंच काहीच होत नाही, रबर ढिम्म. मग एकदम सुळकन जाते. इथे थांबायला हवं. स्ट्रिपची दोन्ही शेपटं बाहेर पेराएवढी उरली पाहिजेत. जोरात सगळी आत गेली तर ती टायरात पडते आणि पुन्हा पहिल्यापासून. आता सुई एका झटक्यात सरळ बाहेर. पिळायची नाही, हळूहळूही काढायची नाही. सुईच्या डोळ्याला टोकाशी फट असते, झटक्याने ती स्ट्रिप सोडून देते आणि आत एक गाठीसारखी घडी राहते. हवेचा दाब त्या घडीला बाहेर ढकलतो आणि ती भोकात आणखी घट्ट आवळली जाते. पंक्चर टिकतं ते या घडीवर, बाहेरून दिसणाऱ्या शेपटांवर नाही. म्हणून ती शेपटं टायरला लागून सपाट कापायची गरज नाही. तीन-चार मिलिमीटर ठेवून ब्लेडने कापली, कापताना ओढली नाहीत. शे-दोनशे किलोमीटरात रस्ता ती घासून नक्षीत मिळवून टाकतो.

थुंकी लावली, बुडबुडा नाही. पाच मिनिटं चहा नसलेल्या चहाची वाट बघितली आणि हवा भरायला घेतली.

हवा भरणं हाच रस्त्यातल्या पंक्चरचा अवघड भाग आहे. स्ट्रिपचा डबा सगळे घेतात, पंप फार थोडे घेतात, आणि मग उत्तम बंद केलेल्या भोकाचा सपाट टायर घेऊन बसतात. आकडे बघा. 17 इंची मागच्या टायराच्या पोटात साधारण आठ-नऊ लिटर जागा असते. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब साधारण 14.7 पीएसआय, म्हणजे गेजवरचे 29 दिसायला टायरात आणखी दोन पोटं हवा कोंबावी लागते, सुमारे 17 लिटर. सायकलचा खिशात मावणारा हातपंप एका दमात साठ-सत्तर मिलिलिटर हवा देतो. अडीचशे वेळा दामटा, वर गळती धरून तीनशे. शेवटचे शंभर दम तर दात ओठ खाऊन. एका नळीचा छोटा पायपंप त्याच्या तिप्पट हवा ढकलतो, त्यामुळे ऐंशी-नव्वद दमांत काम होतं. म्हणून मी पायपंपवाला.

कार्बन डायऑक्साईडच्या छोट्या नळकांड्यांची हल्ली फॅशन आहे. 16 ग्रॅमच्या एकातून साधारण साडेआठ लिटर वायू निघतो, म्हणजे रिकाम्या टायरात 14-15 पीएसआय. पूर्ण भरायला दोन लागतात, आणि स्ट्रिप नीट बसली नसेल तर दोन्ही हवेत. फोडताना नळकांडं इतकं थंड पडतं की उघड्या बोटांना चटका बसतो, हातमोजा किंवा फडकं धरा. शिवाय हा वायू रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो, दुसऱ्या दिवशी नेहमीची हवा भरून घ्यावी लागते. बॅटरीवर चालणारा इन्फ्लेटर सगळ्यात सोपा, माझ्या मेव्हण्याकडे आहे. पण तो सहा महिने डिकीत पडून ऐनवेळी चार्ज संपलेला निघतो. ठेवायचा असेल तर महिन्यातून एकदा त्याच्यानेच दोन्ही चाकांची हवा भरायची सवय लावा. वायरवाला 12 व्होल्टचा असेल तर तो मोबाईल चार्जिंगच्या सॉकेटला जोडू नका, फ्यूज उडतो. बॅटरीच्या टोकांना चिमट्याने जोडायचा आणि इंजिन चालू ठेवायचं.

आता ती किंमत मोजलेली गोष्ट. तीन वर्षांपूर्वी जांबोटी ओलांडून कणकुंबीच्या जंगलातून जात होतो. मागचं चाक बसतंय हे कळत होतं, पण पावसाळी अंधार, जळवांची भीती, म्हटलं कणकुंबीला बघू. दोन-तीन किलोमीटर तसाच रेटला. थांबून बघतो तर टायर रिमच्या एका बाजूने सुटून आतल्या खोबणीत पडलेला. खिळा काढला, स्ट्रिप घातली, पंप मारतोय तर हवा एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर. बीड रिमला टेकलेलाच नाही तर हवा धरणार कोण? दुकानात कॉम्प्रेसरचा एक झोत मारला की तो ‘टप्प’ करून बसतो. पायपंपाकडे तो झोत नसतो.

दुधाच्या कॅन्या घेऊन जाणारा एक पिकअपवाला थांबला.

“काय झालं ओ? कुठनं येऊलासा?”

“बेळगावासनं. टायर रिम सोडून बसलाय मामा.”

त्यांनी काही न विचारता कॅन्या बांधायचा दोर सोडला. टायरच्या घेराभोवती नक्षीच्या बरोबर मधून दोन वेढे दिले, त्यात लाकडाचं दांडकं खुपसलं आणि पीळ देत गेले. मधोमध आवळल्यावर टायरच्या दोन्ही कडा बाहेर फाकतात आणि रिमला टेकतात, भाकरीचा उंडा मधे दाबला की कडा पसरतात तशा. मी कडांना पाणी लावलं, म्हणजे त्या घसरून जागेवर चढतील. व्हॉल्व्हच्या आतली पिन चावीने काढून ठेवली. ती बारीक पिनच हवेची वाट अडवते, ती नसली की त्याच पंपाने हवा झपाट्याने आत जाते. मग मामा दांडकं धरून आणि मी पंपावर. टायर फुगायला लागल्यावर दोर सैल केला, नाहीतर तोच त्याला फुगू देत नाही. पुढे एक ‘टप्प’, जरा वेळाने दुसऱ्या बाजूने ‘टप्प’. तो आवाज कानाला गोड लागतो. पंप काढल्यावर हवा परत सुटली, पण कडा जागा सोडत नाहीत. पिन बसवली आणि पुन्हा भरलं. रिमच्या कडेला समांतर जाणारी टायरवरची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली म्हणजे बीड नीट बसला. बसत नाही म्हणून 40 च्या वर दाब चढवत राहू नका, आणि बोटं रिमजवळ ठेवू नका. पेट्रोल शिंपडून काडी लावायचे व्हिडिओ फिरतात, ते बघून सोडून द्या.

त्या दिवशी गाडी घरी आली, टायर मात्र वाचला नाही. दुकानात उतरवला तर आतून वाळूसारखा काळा रबराचा चुरा पडला आणि भिंतीला आतून घासल्याची गोल पट्टी उमटलेली. बसलेल्या टायरवर गाडी चालवली की भिंत रिम आणि रस्ता यांच्यात चिरडली जाते, आतले नायलॉनचे धागे तुटतात. बाहेरून काही दिसत नाही. असा टायर पुढे कधी तरी वेगात असताना भिंतीतून फुगवटा काढतो. दुकानदाराने तो चुरा दाखवूनही ‘चालवा हो’ म्हटलं होतं. मी नाही चालवला.

रस्त्यात घातलेली स्ट्रिप कायमची धरायची की नाही, यावर दुकानोदुकानी वेगळं मत आहे. पुस्तकी नियम असा की टायर उतरवून आतून तपासायचा आणि आतल्या बाजूने छत्रीसारखा पॅच लावायचा, कारण स्ट्रिप भोक बुजवते पण आतला तो हवाबंद थर सांधत नाही, आणि भोकातून गेलेलं पाणी धाग्यांपर्यंत पोचतं. आपल्याकडे सर्रास लोक टायर संपेपर्यंत स्ट्रिपवरच फिरतात आणि बहुतेकांचं निभतं. माझं धोरण असं की गावात चाळीस-पन्नासच्या वेगाने फिरणारी गाडी असेल तर राहू द्यावी, आठवडाभर रोज सकाळी गेज लावून बघावं. निपाणीपर्यंत हायवेने रोज ये-जा असेल तर आतून पॅच. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत दुरुस्तीनंतर पहिले 24 तास 80 च्या वर जाऊ नका असं छापलेलं असतं, ते पाळायला काहीच खर्च नाही.

आधीच टायरात ओतायचं हिरवं-निळं सीलंट काट्याकुसळांना बरं. पण मोठ्या खिळ्याला ते पुरत नाही, आणि मग भोकाच्या भिंती बुळबुळीत होऊन स्ट्रिपसुद्धा धरत नाही. आधी फडक्याने पुसून, रिमर घालून पुन्हा पुसून बघावं लागतं. मी ओतत नाही.

माझ्या सीटखाली जुन्या चष्म्याच्या झिपवाल्या पाकिटात हे मावतं: रिमर, सुई, पाच-सहा स्ट्रिप, सोल्युशनची छोटी ट्यूब, लांब तोंडाची पक्कड, ब्लेड, व्हॉल्व्हची चावी आणि दोन जादा पिना, पेनासारखा गेज. रिमर आणि सुई धातूच्या मुठीचीच घ्या. प्लॅस्टिकची मूठ पूर्ण जोर लावल्यावर तुटते आणि दांडा तळहातात शिरतो. पक्कड बऱ्याच स्वस्त किटमध्ये नसतेच, आणि तिच्याशिवाय रुतलेला खिळा निघत नाही. पायपंप वेगळा, साईडबॅगेत, त्याच्याभोवती गुंडाळलेला तीन मीटर दोर. हा दोर कणकुंबीनंतर आला. स्कूटरवाल्यांची चैन, सगळं डिकीत. फक्त स्कूटरचं मागचं चाक लहान, मडगार्ड आणि इंजिनाने झाकलेलं, तिथे लांब मुठीची सुई फिरत नाही. घरी एकदा रिकामी घालून बघा आणि आखूड मुठीची घ्या.

सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत आतल्या आत सुकते, बाहेरून भरलेली दिसते. सीटखालच्या उन्हात तर आणखी लवकर. मी दिवाळीला गाडी धुतो तेव्हा ट्यूब नवी घेतो आणि एक स्ट्रिप वाकवून बघतो. बोटाला चिकटली तर राहू देतो, काडीसारखी कडकडली तर सगळं पाकीट टाकून देतो. पत्रीचा तो खिळा त्याच पाकिटात अजून आहे, तिरका झिजलेला.